अग्रलेख तीन वाक्यांत : मुद्दा, पुरावा, निष्कर्ष. माझं कुठे चुकतंय?

अनघा_वाचनकट्टा

आमच्या वाचनालयात दर रविवारी आठ-दहा जण जमतो आणि आठवड्यातला एक अग्रलेख वाचतो. वाचून झाल्यावर प्रत्येकाने तीनच वाक्यं लिहायची: लेखाचा मुद्दा काय, त्यासाठी पुरावा काय दिलाय आणि शेवटी निष्कर्ष काय काढलाय. ऐकायला सोपं वाटतं, पण दहा जणांच्या दहा तऱ्हा होतात. त्यामुळे सरावासाठी मी स्वतःच एक छोटा अग्रलेख लिहिला. विषय डिसेंबर २०२३ मधल्या कांदा निर्यातबंदीचा. घटना खऱ्या आहेत, लेख माझा आहे. परिच्छेदांना आकडे दिलेत, म्हणजे बोलायला सोपं जाईल.

> पुन्हा कांदा
>
> (१) शुक्रवार, ८ डिसेंबरपासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ही बंदी ३१ मार्चपर्यंत राहणार आहे. निर्णय कळताच नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले आणि मुंबई-आग्रा महामार्ग रोखून धरला.
>
> (२) कांदा महागला की शहरातल्या सामान्य घराचे गणित कोलमडते, हे खरेच. भाव आवाक्यात ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, यातही वाद नाही. १९९८ मध्ये दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीत कांद्याने सत्ताधाऱ्यांना जो धक्का दिला, तो कोणताही पक्ष विसरलेला नाही.
>
> (३) पण प्रश्न या एका बंदीचा नाही. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य ठरले. आता पूर्ण बंदी आली. चार महिन्यांच्या आत तीन वेळा नियम बदलले. लाल कांदा पावसाळ्यात लावला जातो. लावणीच्या वेळी परदेशाची वाट उघडी होती, काढणीच्या वेळी ती बंद झाली. शेतकऱ्याने भरवसा कशावर ठेवायचा?
>
> (४) निर्यातीचे धोरण लावणीआधी जाहीर व्हावे आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नये. भाव चढलेच तर सरकारने राखीव साठा बाजारात आणावा. शेतकऱ्याच्या घामाची किंमत मतांच्या तराजूत तोलणे आता थांबले पाहिजे.

आमच्या कट्ट्यावर सगळ्यात जास्त जणांनी लिहिलेला सारांश असा होता:

"केंद्राने ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद केल्यामुळे शेतकरी रस्त्यावर उतरले. १९९८ च्या दिल्लीतल्या अनुभवामुळे सरकार कांद्याच्या भाववाढीला घाबरते. शेतकऱ्याच्या घामाची किंमत मतांच्या तराजूत तोलणे थांबले पाहिजे."

यातलं एकही वाक्य लेखाबाहेरचं नाही. तरी लेख मीच लिहिलेला असल्यामुळे मला ठाऊक आहे की मला हे म्हणायचं नव्हतं. नेमकं काय निसटलं, ते शब्दांत सांगता येत नाहीये.

---

जुनी_शाई

अनघाताई, मी तीसेक वर्षं संपादकीय पानावर काम केलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या कट्ट्याने प्रत्येक ठिकाणी सगळ्यात ठळक वाक्य उचललं. अग्रलेखात ठळक वाक्य आणि भार पेलणारं वाक्य एकच असेल असं नाही. पहिला परिच्छेद म्हणजे निमित्त. आज हाच विषय का, एवढं सांगणं त्याचं काम. ती बातमी आहे आणि ती पान एकवर आधीच छापून आलेली असते. दुसरा परिच्छेद कबुलीचा: 'हे खरेच', 'यातही वाद नाही'. समोरच्याचं जे पटतं ते लेखक तिथे मान्य करून टाकतो, म्हणजे पुढे त्यावरून कोणी अडवू नये. मग 'पण' येतो आणि लेखाचं स्वतःचं म्हणणं तिथून सुरू होतं.

शेवटचं 'घामाची किंमत' हे वाक्य म्हणजे लेख मिटवताना लावलेली झालर. आम्ही सगळेच अशी वाक्यं लिहायचो. निष्कर्ष त्याच्या आधीच्या दोन वाक्यांत आहे. ओळखायचं कसं? उद्या सकाळी कृषी किंवा वाणिज्य मंत्रालयातल्या अधिकाऱ्याने हा लेख मान्य केला, तर तो नेमकं काय करेल? 'तराजूत तोलणे थांबवा' यावर त्याला काहीच करता येणार नाही. 'लावणीआधी धोरण जाहीर करा' यावर मात्र करता येईल.

आता एक कसोटी सांगतो. तीन वाक्यं लिहून झाली की पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये 'कारण' घाला, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये 'म्हणून', आणि मोठ्याने वाचा. तुमच्या कट्ट्याचा सारांश असा होतो: शेतकरी रस्त्यावर उतरले, कारण सरकार भाववाढीला घाबरते, म्हणून घामाची किंमत तोलणे थांबले पाहिजे. सांधे बसत नाहीत, ते कानालाच कळतं.

---

मुख्य_परीक्षा_२५

सर, सारांशलेखनात मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश शब्द हवेत असं आम्हाला क्लासमध्ये शिकवलंय. हा लेख साधारण दीडशे शब्दांचा आहे, म्हणजे पन्नास शब्द. मग तीन वाक्यं कशाला मोजायची? आणि सगळे मुद्दे यायला हवेत ना? इथे तर पहिले दोन परिच्छेद पूर्णच गाळताय. गुण जातील.

---

जुनी_शाई

तुमचा प्रकार वेगळा आहे, तिथे तुमचंच बरोबर. परीक्षेतल्या सारांशात उताऱ्याचा आकार लहान करायचा असतो. सगळे अवयव ठेवून मूर्ती छोटी करायची. इथे लेखाचा फक्त कणा काढायचाय. लेख दीडशे शब्दांचा असो की नऊशेचा, वाक्यं तीनच राहतील. परीक्षेत हा लेख आला तर कबुलीचा परिच्छेद नक्की ठेवा.

तरी आधी हा कणा काढून ठेवलात, तर एक तृतीयांशात काय आखडायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे लवकर ठरतं.

---

सदाशिव_वाचक

एवढं सगळं करायची गरजच नाही. अग्रलेखाचा मुद्दा शीर्षकात असतो. ६ जुलै १८९७ च्या केसरीतलं टिळकांचं शीर्षक घ्या: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' रँडच्या खुनानंतर सरकार पुण्याशी जसं वागत होतं, त्याबद्दलचं म्हणणं तिथेच आलं. शीर्षक वाचा, शेवटचा परिच्छेद वाचा, झालं काम.

---

जुनी_शाई

टिळकांच्या शीर्षकाबद्दल मान्य. मात्र तिथेसुद्धा शीर्षक प्रश्न विचारतं. तीन वाक्यांत लिहिताना त्याचं विधान तुम्हालाच करावं लागेल आणि 'डोके ठिकाणावर नाही' म्हणजे नेमकी कोणती कृती अविचाराची, हे मजकुरातून काढावं लागेल. प्रश्नाला प्रश्न लिहून ठेवला तर मुद्दा लिहिलाच नाही असं होतं.

अनघाताईंचं शीर्षक 'पुन्हा कांदा' आहे. त्यातून विषय कळतो, बाजू कळत नाही. आजची बरीच शीर्षकं अशीच असतात: कोटी, म्हणीचा तुकडा, नाहीतर नुसता विषय. निर्यातबंदीच्या बाजूने लिहिलेल्या लेखालाही हेच शीर्षक चाललं असतं. शीर्षक उलट्या बाजूच्या लेखाला चालत असेल, तर त्यात मुद्दा नाही असं समजावं.

शेवटच्या परिच्छेदाचं म्हणाल, तर तिथे निष्कर्ष असतो हे खरं. मुद्दा आणि निष्कर्ष एक मानण्याची चूक नेमकी तिथूनच होते. मुद्दा म्हणजे 'स्थिती अशी आहे'. निष्कर्ष म्हणजे 'म्हणून असं करा'.

---

निफाडचा_गणेश

मी दोन एकर कांदेवाला. धागा दिसला म्हणून लिहितो. शाईवाले काका, तुम्ही म्हणता सरकारचं कर्तव्य आहे भाव खाली ठेवणं, ते लेखात मान्य केलंय. मग हा लेख बंदीच्या बाजूनेच झाला की. आमच्याकडं त्या डिसेंबरात काय झालं ते विचारा. बंदीच्या आधीच्या आठवड्यात जो भाव पुकारला, तो नंतरच्या आठवड्यात पार खाली. लाल कांदा चाळीत टिकत नाही. उन्हाळ कांदा असता तर चार महिने दाबून ठेवला असता. लालचं तसं नाही, काढला की विकायचाच, नाहीतर सडतो. त्यामुळं बंदी कधी आली याला महत्त्व आहे. मे महिन्यात आली असती तर एवढा मार बसला नसता.

---

अनघा_वाचनकट्टा

गणेशदादा, लेख बंदीच्या बाजूचा नाही. 'भाव आवाक्यात ठेवणे हे सरकारचे कर्तव्य' हे मी मान्य केलंय, ते कर्तव्य बंदी घालून पार पाडावं असं म्हटलेलं नाही. तरी तुमचा समज तसा झाला, म्हणजे कबुलीचं वाक्य वेगळं काढून ठेवलं की ते लेखाची भूमिका वाटू शकतं. कट्ट्यावरही दोघांनी अगदी हेच लिहिलं होतं.

लाल आणि उन्हाळ कांद्यातला फरक मी लेखात लिहायला हवा होता. 'लाल कांदा' एवढंच लिहिलं आणि वाचणाऱ्याला पुढचं कळेल असं गृहीत धरलं. शहरातल्या वाचकाला ते कळणार नाही.

काकांची कसोटी लावून पुन्हा प्रयत्न केला:

"वारंवार बदलणाऱ्या निर्यात धोरणामुळे कांदा उत्पादकाचे नुकसान होते. ऑगस्ट ते डिसेंबर २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि पूर्ण बंदी असे तीन बदल झाले आणि भाव कोसळले. म्हणून सरकारने धोरण लावणीआधी जाहीर करावे."

---

जुनी_शाई

आता सांधे बसले. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, 'भाव कोसळले' हे तुमच्या लेखात कुठेच नाही. तुम्हाला ठाऊक आहे, गणेशरावांनी आत्ताच सांगितलं, आणि घडलंही तसंच. तरी लेख ते म्हणत नाही. सारांश लिहिताना आपल्याला विषय माहीत असला की आपण लेखकाच्या पदरात आपला पुरावा टाकतो आणि लेख होता त्यापेक्षा भक्कम दिसायला लागतो. ही चूक अडाणी वाचक करत नाही, जाणकार करतो. पकडायची रीत साधी आहे. सारांशातल्या प्रत्येक आकड्यावर आणि प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवायचं आणि ते मूळ लेखात कोणत्या परिच्छेदात आहे ते दाखवायचं. नाही दाखवता आलं तर खोडायचं.

दुसरी, 'प्रश्न या एका बंदीचा नाही' हे गळालं. त्या वाक्यामुळेच हा लेख त्या आठवड्यातल्या इतर लेखांहून वेगळा पडतो. बंदी वाईट, असं सगळेच लिहीत होते. तुमचा लेख म्हणतो की अनिश्चितता वाईट. मुद्द्याच्या वाक्यात 'हे नव्हे, ते' असा जो भेद असतो, तो शेवटपर्यंत सोडू नये.

तिसरी, बोलतंय कोण ते लिहा. 'अग्रलेखाचे म्हणणे आहे' एवढं पहिल्या वाक्यात एकदा आलं की पुरे. नाहीतर दोन महिन्यांनी वही उघडाल तेव्हा ही वस्तुस्थिती होती की कोणाचं मत होतं, ते तुम्हालाच कळणार नाही.

---

सदाशिव_वाचक

शीर्षकाचं पटलं. पण १९९८ चा संदर्भ पुरावा का नाही? तो इतिहास आहे, घडलेली गोष्ट आहे. घडलेल्या गोष्टीपेक्षा मोठा पुरावा कोणता?

---

जुनी_शाई

घडलेली गोष्ट आहे, पण ती कशाचा पुरावा आहे ते बघा. सरकारं कांद्याच्या भावाला का दचकतात, हे तिच्यावरून कळतं. लेखाचा दावा आहे की धोरण सतत बदलल्याने शेतकऱ्याचं नुकसान होतं. १९९८ चं वाक्य लेखातून काढून टाका आणि दावा हलतो का बघा. हलत नाही. आता तिसऱ्या परिच्छेदातले तीन बदल काढून टाका. दावा हवेत लटकतो.

---

सदाशिव_वाचक

मला ते पूर्ण पटलेलं नाही. धोरण बदलतं ते निवडणुकीच्या भीतीनं. ती भीती आहे म्हणूनच धोरण पुढेही बदलत राहणार, आणि म्हणूनच ते आधी बांधून घ्यायला हवं. असं वाचलं तर १९९८ शिवाय निष्कर्ष उभा राहत नाही.

---

जुनी_शाई

असं वाचता येतं, खरं आहे. लेखाने तो धागा स्वतः जोडला असता, म्हणजे 'ही भीती असल्यामुळे हे पुढेही होणार' असं एक वाक्य तिसऱ्या परिच्छेदात असतं, तर मी तुमच्या बाजूने आलो असतो. आहे त्या लेखात १९९८ कबुलीच्या परिच्छेदात, 'पण'च्या अलीकडे आहे. म्हणून मी बाहेर ठेवतो. तुम्ही आत घेतलंत तर चूक म्हणणार नाही.

---

मांडवीकाठ

पणजीहून लिहिते. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. मी वाचते त्या कित्येक अग्रलेखांत पुरावा नसतोच. जोरदार भाषा असते, दोन सुभाषितं असतात, आणि मग 'सरकारने गांभीर्याने विचार करावा'. अशा लेखाचं दुसरं वाक्य काय लिहायचं? आणि उपरोध असेल तर? 'शेतकऱ्यांवर केवढी ही माया!' असं लिहिलेलं असतं. माझ्या अकरावीतल्या भाच्याने सारांशात 'सरकारला शेतकऱ्यांविषयी माया आहे' असं लिहिलं.

---

जुनी_शाई

पुरावा नसेल तर दुसऱ्या वाक्यात तेच लिहायचं: 'यासाठी लेख एका प्रसंगाखेरीज आधार देत नाही', किंवा नुसतं 'आधार दिलेला नाही'. वाक्य रिकामं ठेवायचं नाही आणि आपण भरायचंही नाही. 'गांभीर्याने विचार करावा' याबद्दलही तसंच. निष्कर्ष मोघम असेल तर सारांशातही मोघमच ठेवावा. त्याला आपण नेमकेपणा दिला, तर लेखकाने न घेतलेली भूमिका त्याच्या तोंडी घातल्यासारखं होतं.

उपरोधाचं वाक्य कधीच जसंच्या तसं उचलू नये. आधी त्याचा सरळ अर्थ वहीच्या समासात लिहावा: 'सरकारला शेतकऱ्यांची काळजी नाही असा लेखकाचा आरोप'. तो आजूबाजूच्या मजकुराशी जुळतो का ते बघावं आणि मगच सारांशाकडे वळावं. मराठी अग्रलेखात उपरोध इतका मुरलेला असतो की ही पायरी गाळली, तर सारांश उलट बाजूलाही जाऊ शकतो.

---

मुख्य_परीक्षा_२५

'पण' शोधायचा हे मला आवडलं. कालच्या एका लेखात शोधले तर नऊ 'पण' आणि चार 'मात्र' सापडले. कोणता धरायचा?

---

अनघा_वाचनकट्टा

आम्ही या रविवारी करून बघितलं. वाक्याच्या आतले 'पण' सोडून दिले. परिच्छेदाची सुरुवात ज्याने होते तेच धरले, ते दोन उरले. त्यातल्या एकाच्या आधी कबुली होती, 'हे मान्य', 'हे खरे' अशा शब्दांत. तोच निघाला. तीन लेखांत जमलं. चौथ्यात नाही जमलं, कारण त्या लेखात कबुलीच नव्हती. लेखक पहिल्या ओळीपासून मुद्दाच मांडत होता.

आमचा आत्तापर्यंतचा मसुदा हा:

"कांदा उत्पादकाचे नुकसान एकट्या निर्यातबंदीने नव्हे, तर अचानक आणि वारंवार बदलणाऱ्या निर्यात धोरणाने होते, असे अग्रलेखाचे म्हणणे आहे. ऑगस्ट ते डिसेंबर २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि पूर्ण बंदी असे तीन बदल झाले, त्यामुळे लाल कांदा लावताना उघडी असलेली परदेशी बाजारपेठ काढणीच्या वेळी बंद होती. म्हणून धोरण लावणीआधी जाहीर करून हंगामभर तेच ठेवावे आणि भाव चढल्यास राखीव साठा बाजारात आणावा."

'राखीव साठा' मी पुन्हा आत घेतला. कबुलीचा परिच्छेद गाळला तरी ग्राहकाची काळजी त्या अर्ध्या वाक्यात शिल्लक राहते. तो तुकडा नसता तर लेख शेतकऱ्याचीच बाजू सांगतो असं वाटलं असतं.

---

निफाडचा_गणेश

ताई, हे वाचून मला लेख कळला. पण एक विचारतो. तीन वेळा नियम बदलले हे खरं. नुकसान बदलण्यानं झालं की बंदीनं, हे यात कुठं दिसतं? समजा ऑगस्टमध्येच थेट बंदी घातली असती आणि मार्चपर्यंत तीच ठेवली असती. एकदाच नियम, बदल काही नाही. तरी आम्ही मेलोच असतो की.

---

अनघा_वाचनकट्टा

दादा, हे मला लेख लिहिताना सुचलं नव्हतं. तीन बदल झाले म्हणजे धोरण बदलतं एवढंच सिद्ध होतं. नुकसान त्यामुळेच झालं, हे मी गृहीत धरलं. लावणी आणि काढणीच्या वाक्याने थोडा आधार मिळतो, कारण आधी कळलं असतं तर काहींनी कांदा कमी लावला असता. पण तुम्ही म्हणता तसं, किती फरक पडला असता ते लेखात नाही.

---

जुनी_शाई

गणेशरावांनी जे दाखवलं ते सविस्तर लेखात सहज झाकलं जातं. तिथे मुद्दा आणि पुरावा यांच्या मध्ये महामार्ग, १९९८ आणि घाम असतो. तीन वाक्यं शेजारी ठेवली की मधली फट दिसते.

मात्र ती फट तीन वाक्यांत बुजवू नका आणि तिच्यावर शेराही मारू नका. खाली एक ओळ सोडा आणि वेगळं लिहा: 'माझा प्रश्न: नुकसान बदलांमुळे की बंदीमुळे?' वरची तीन वाक्यं लेखकाची, खालची ओळ वाचकाची.

---

मांडवीकाठ

इथे माझं मत वेगळं आहे. खालची ओळ कोणी वाचत नाही. भाचा त्याची तीन वाक्यं गटावर पाठवेल, ओळ मागेच राहील, आणि वाचणाऱ्यांना वाटेल की लेखाने सगळं सिद्ध केलंय. दुसऱ्याच वाक्यात 'एवढ्या आधारावर' असे दोन शब्द घातले तर काय बिघडलं?

---

जुनी_शाई

'एवढ्या' म्हटलं की कमीपणा आला, आणि तो लेखकाचा शब्द नाही. 'या आधारावर' म्हटलं तर चालेल. मात्र मग तुमचा हेतूही साधत नाही, हे मला दिसतंय. विचार करतो.

---

निफाडचा_गणेश

४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. त्यावर पण अग्रलेख आले असतील. ताई, कट्ट्यावर त्यातला एखादा घ्या. बंदी उठली असं म्हणतो की नाही उठली असं म्हणतो, तेवढं पहिल्या वाक्यात लिहून मला सांगा.